टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स चालूच होत नाही: फुगलेला कपॅसिटर आणि उडालेला फ्यूज यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही चालू होत नाही. आधी फ्यूज बघायचा की कपॅसिटर?

दोन्ही राहू द्या, आधी स्टँडबायचा लाल दिवा बघा. तो मंद लागत असेल, लुकलुकत असेल किंवा क्षणभर लागून विझत असेल, तरी मेन फ्यूज शाबूत आहे असं धरून चला. फ्यूज उडाला की बोर्डापर्यंत वीजच पोचत नाही, मग दिवा लागणार कशाने?

पॉवर सप्लायचा बोर्ड दोन भागांत विभागलेला असतो. एका बाजूला घरातली वीज येते. तिथे फ्यूज, एसीचं डीसी करणारा ब्रिज डायोड, एक मोठा ४०० किंवा ४५० व्होल्टचा कपॅसिटर आणि वीज झपाट्याने चालू-बंद करणारा स्विचिंगचा मॉस्फेट किंवा आयसी असतो. मधे ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या पलीकडे ५, १२, २४ असे लहान व्होल्टेज बाहेर पडतात. त्या पलीकडच्या बाजूला लहान कपॅसिटर रांगेने उभे असतात आणि फुगतात ते बहुतेक वेळा हेच. फ्यूज मात्र उडतो तो अलीकडच्या, विजेच्या बाजूला काहीतरी शॉर्ट झाल्यावर. पलीकडचा कपॅसिटर फुगला म्हणून मेन फ्यूज उडाला, असं क्वचितच होतं, कारण पलीकडे भार वाढला की सप्लायचं स्वतःचं संरक्षण आधी काम करतं आणि सेट बंद होतो किंवा चालू-बंद करत राहतो.

म्हणून दिवा लागतोय पण सेट चालू होत नाही, तर कपॅसिटरकडे वळा. दिवा, आवाज, टक्‌ काहीच नाही, तर फ्यूजपासून सुरुवात करा.

मागचं कव्हर उघडण्याआधी काय तपासावं?

त्याच सॉकेटमध्ये दुसरी वस्तू लावून बघा. टीव्हीची वायर सुटी निघत असेल तर दुसरी लावा. सेट टॉप बॉक्स असेल तर अ‍ॅडॉप्टरची पिन हलवून बघा. रोज ओढाताण झाल्याने पिनेच्या गळ्याशी वायर आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. आवाज येतोय पण चित्र नाही, असं असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. तो दोष बहुधा बॅकलाइटचा असतो. अंधारात टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा, पुसट चित्र दिसलं तर खात्री झाली.

प्लग काढला की बोर्डाला हात लावायला हरकत नाही ना?

हरकत आहे. २३० व्होल्टची वीज ब्रिजमधून गेली की मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात. चालू स्थितीतला सेट बंद केला तर तो साठा सर्किटच वापरून टाकतं. पण आपल्यापुढे आहे तो बंद पडलेला सेट. स्विचिंगच सुरू होत नसेल तर त्या कपॅसिटरमधून वीज ओढणारं कोणी उरत नाही, आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहू शकतो. सेट जितका ‘डेड’, तितकं त्या कपॅसिटरपासून जपायचं.

मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर टोकं टेकवा. वीस-तीस व्होल्टच्या वर आकडा दिसला तर तो रिकामा करावा लागेल. त्यासाठी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेशन असलेल्या दोन वायरी जोडा आणि त्या कपॅसिटरच्या पायांवर दहा-पंधरा सेकंद धरा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्यात रिकामा होतो. नंतर मीटर परत लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने पाय शॉर्ट करायची पद्धत दुकानांतही दिसते, पण तिने ठिणगी उडते, ट्रॅक जळतो आणि कधीकधी चांगला कपॅसिटरही खराब होतो.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर घरी उघडू नका. ट्यूबच्या काचेवर हजारो व्होल्टचा साठा असतो आणि तो वर सांगितलेल्या रेझिस्टरने काढायचा नसतो.

फ्यूज कुठे असतो आणि ओळखायचा कसा?

विजेची वायर बोर्डाला जिथे जोडली आहे तिथून ट्रॅकचा माग घ्या, पहिल्या एक-दोन भागांतच फ्यूज सापडतो. शेजारी बोर्डावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर आणि आकडा छापलेला असतो. टीव्हीत बहुधा २० मिलीमीटर लांबीची काचेची किंवा पांढऱ्या सिरॅमिकची नळी असते, कधी ती काळ्या रबरी टोपीत लपवलेली असते. लहान सप्लायमध्ये मात्र फ्यूज लहान गोल डबीसारखा किंवा थेट रेझिस्टरसारखा दिसतो. सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तर पुष्कळदा फ्यूज नसतोच, त्याच्या जागी काही ओहमचा फ्यूजेबल रेझिस्टर असतो आणि तोच फ्यूजचं काम करतो. तिथे शून्य ओहम येईल अशी अपेक्षा धरू नका. रंगाच्या पट्ट्यांवर जेवढी किंमत आहे तेवढी आली की तो ठीक.

तपासणी सोपी आहे. प्लग काढलेला, मोठा कपॅसिटर रिकामा केलेला. मीटर कंटिन्युइटीवर, दोन टोकं फ्यूजच्या दोन टोप्यांवर. बीप वाजला आणि आकडा अर्ध्या ओहमच्या आत असला तर फ्यूज चांगला. बीप नाही तर उडाला. फ्यूज बोर्डावरून काढायची गरज नसते, कारण प्लग काढलेला असताना त्याला समांतर दुसरी वाट नसते. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. तार टोपीच्या आत तुटली तर काच स्वच्छ दिसते, आणि सिरॅमिकच्या नळीत तर काहीच दिसत नाही.

फ्यूजची काच काळी झाली आहे. त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. काच स्वच्छ आणि तार मधेच एका ठिकाणी तुटलेली असेल तर फ्यूज हळूहळू गेला आहे. थोडा जास्त करंट, वारंवार चालू-बंद करताना बसलेले झटके किंवा नुसतं वय ही त्याची कारणं असू शकतात. अशा वेळी नवा फ्यूज टाकल्यावर सेट चालू होण्याची थोडीफार आशा असते. काचेला आतून काळा किंवा आरशासारखा चकचकीत थर आला असेल, तर तार एका क्षणात वाफ होऊन उडाली आहे. एवढा करंट पुढे थेट शॉर्ट असल्याशिवाय जात नाही. तो शॉर्ट काढल्याशिवाय नवा फ्यूज टाकणं म्हणजे आणखी एक फ्यूज घालवणं.

मग तो शॉर्ट शोधायचा कसा?

वीज न लावता, थंड बोर्डावर. चार जागा बघायच्या असतात आणि त्यांचा क्रमही साधारण हाच असतो.

फ्यूजनंतर लगेच एक चपटी गोल चकती असते, निळी किंवा पिवळी, तिला एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज खूप वाढलं की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. ती तडकलेली किंवा काळी पडलेली असेल तर दोषी सापडला. तिच्यासारखीच, बहुधा काळी किंवा हिरवट, दुसरी चकती एनटीसीची असते, चालू करतानाचा करंटचा झटका रोखणारी. ती थंड असताना काही ओहम दाखवते आणि तसंच असायला हवं.

पुढे ब्रिज. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून त्यातला एकेक डायोड दोन्ही दिशांनी तपासा. एका दिशेने ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा आणि उलट दिशेने काही नाही, असं हवं. दोन्हीकडून बीप वाजला तर तो डायोड शॉर्ट.

मग मोठ्या कपॅसिटरचे दोन पाय ओहमच्या रेंजवर. आकडा कमी सुरू होऊन वर चढत गेला तर चांगलं, कपॅसिटर मीटरच्या बॅटरीवर भरतो आहे. शून्याजवळच अडकून राहिला तर शॉर्ट पुढे आहे, आणि तो बहुतेक वेळा मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांच्या मधे सापडतो. मॉस्फेट गेला असेल तर त्याच्या सोर्सला जोडलेला एका ओहमपेक्षाही कमी किंमतीचा रेझिस्टर नक्की बघा, तो बहुधा त्याच्याबरोबरच जळून उघडा पडतो. पुष्कळदा त्या मॉस्फेटला चालवणारा आयसीही जातो. म्हणून नुसता मॉस्फेट बदलून सेट सुरू केला आणि तो परत उडाला, ही तक्रार नेहमी ऐकू येते.

नवा फ्यूज टाकून बघण्याआधी खात्री करण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, सिरीज बल्ब. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सेटच्या विजेच्या वाटेत सिरीजमध्ये लावायचा. एलईडी बल्ब चालत नाही. सेटला वीज दिली की बल्ब क्षणभर उजळतो (मोठा कपॅसिटर भरतो तेवढा वेळ) आणि मग मंद होतो किंवा विझतो. असं झालं तर शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण फ्यूज आणि नवीन मॉस्फेट वाचले. मात्र एवढ्यावर मोठा टीव्ही पूर्ण चालवून बघू नका. पडदा उजळायला लागला की बल्बवरच व्होल्टेज पडतं, सेट परत परत बंद होतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो. स्टँडबायपर्यंत पोचला की या चाचणीचं काम झालं.

कपॅसिटर फुगला आहे हे नेमकं कशावरून ओळखायचं?

डब्याच्या डोक्यावर एक खाच असते, अधिकच्या खुणेसारखी किंवा इंग्रजी ‘के’ नाहीतर ‘वाय’सारखी. आत दाब वाढला तर डबा तिथून उघडावा म्हणून ती मुद्दाम कोरलेली असते. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, म्हणजे अगदी सपाट. बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि आडव्या बाजूने प्रकाश पाडा. खाचेच्या रेषांपाशी मधला भाग किंचित जरी वर आलेला दिसला तरी तो कपॅसिटर गेला. वरून बघताना ही एक-अर्धा मिलीमीटरची उंची दिसत नाही. शंका वाटली तर नख फिरवा, नाहीतर शेजारच्या तशाच कपॅसिटरशी ताडून बघा.

काही वेळा डोकं सपाटच राहतं आणि खालचं रबराचं बूच बाहेर येतं. मग डबा बोर्डावरून उचलल्यासारखा किंवा एका बाजूला कललेला दिसतो. डोक्यावर तपकिरी खरपुडी असेल तर आतला द्रव बाहेर येऊन वाळला आहे.

इथे हमखास एक घोटाळा होतो. कारखान्यात मोठे भाग हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी पिवळट डिंक लावतात, आणि लोक त्यालाच गळलेला द्रव समजतात. डिंक बुडाशी, दोन-तीन भागांना एकत्र धरून बसलेला असतो आणि वरून गुळगुळीत असतो. तेवढ्यावरून कपॅसिटर बदलायचं कारण नाही. तोच डिंक उष्णतेने काळपट तपकिरी झाला असेल तर मात्र खरवडून काढा, कारण तसा जळका डिंक वीज वाहायला लागतो आणि खालच्या वायरी खातो.

कपॅसिटर अजिबात फुगलेला नाही, म्हणजे चांगला समजायचा का?

नाही. फुगलेला खराब हे खरं आहे, पण न फुगलेला चांगला हे खरं नाही. आतला द्रव बुचाच्या कडेने हळूहळू सुकून गेला तर दाब वाढतच नाही. अशा कपॅसिटरचा आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढतो आणि व्होल्टेज गुळगुळीत करण्याचं काम तो सोडून देतो.

साध्या मल्टिमीटरची कपॅसिटर रेंज इथे फसवते. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला ती ८५० दाखवेल, जे २० टक्क्यांच्या सवलतीत बसतं, आणि तरीही सेट चालू होणार नाही. ईएसआर मीटर असेल तर चित्र स्पष्ट होतं. या आकाराच्या चांगल्या कपॅसिटरला ०.१ ओहमच्या आत आकडा यायला हवा, एक ओहमच्या पुढे गेला तर तो बाद. ईएसआर मीटर नसेल आणि सेट थंड असताना सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर केस वाळवायच्या ड्रायरची एक युक्ती आहे. प्लग काढून, ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या कपॅसिटरांवर मिनिट-दोन मिनिटं गरम हवा सोडा आणि मग सेट लावून बघा. लगेच सुरू झाला तर दोष कपॅसिटरांचाच असण्याची शक्यता दाट आहे, कारण उष्णतेने ईएसआर तात्पुरता कमी होतो.

सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, तरी बॉक्स सुरू होत नाही. असं कसं?

कारण मीटर काही करंट ओढत नाही. एक नेहमीचं उदाहरण पूर्ण बघू. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा. बॉक्सचा दिवा लागतो, पडद्यावर सुरुवातीचं चित्र येतं, मग सगळं विझतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अ‍ॅडॉप्टरची पिन मोकळी ठेवून मोजलं तर १२.२ व्होल्ट. इथेच बहुतेक जण अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरवतात आणि बॉक्सच्या मागे लागतात.

आता बॉक्सचं झाकण उघडा. अ‍ॅडॉप्टर बाहेर असेल तर बॉक्सच्या आत फक्त १२ व्होल्ट असतात, त्यामुळे इथे चालू स्थितीत मोजता येतं. (विजेची जाड वायर थेट बॉक्सलाच येत असेल तर आतमध्ये वर सांगितलेला सगळा धोका आहे.) पिन बॉक्सला जोडा आणि जॅकच्या मागच्या पायांवर मोजा. या उदाहरणात आकडा १२ वरून सात-नऊच्या मधे नाचायला लागतो आणि तो पडला की बॉक्स परत सुरू होतो. म्हणजे भार आला की अ‍ॅडॉप्टर बसतो.

तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून बॉक्स चालला तर तपास संपला. दुसरा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं अधिक-उणे त्याच बाजूंना, एवढं जुळवा. पुष्कळदा हेच शहाणपणाचं असतं, कारण अ‍ॅडॉप्टरचा डबा चिकटवलेला असतो आणि उघडला की पूर्वीसारखा पक्का बंद होत नाही.

तरी उघडलाच, तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक कपॅसिटर फुगलेला सापडतो. तोच का? त्याच्या अगदी शेजारी आउटपुटचा डायोड असतो, तो तापतो. डब्याला हवा जायला जागा नाही, आणि बॉक्सला दिवसभर प्लगमध्येच ठेवायची सवय. कपॅसिटर बदलल्यावर मोकळा आकडा १२.१ आणि बॉक्स चालू असताना ११.९ आला. भाराखाली दोन-तीन दशांश पडणं ठीक आहे, तीन-चार व्होल्ट पडणं नाही.

चांगला अ‍ॅडॉप्टर लावूनही बॉक्स तसाच वागला तर जॅकच्या जवळचे बॉक्समधले कपॅसिटर त्याच नजरेने बघा.

बदली कपॅसिटर कोणता घ्यायचा?

मायक्रोफॅरड तेवढेच. व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वरचे: १० च्या जागी १६, १६ च्या जागी २५. कमी व्होल्टचा कधीच नाही. तापमान १०५ अंशांचं छापलेलं हवं, ८५ चं नको, आणि दुकानात ‘लो ईएसआर’ असं सांगून मागा. तापमानाचा फरक नुसता छापण्यापुरता नाही. कपॅसिटर दर दहा अंश कमी तापला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. व्यास आणि उंची जुन्याशी ताडून घ्या, कारण २५ व्होल्टचा डबा बरेचदा उंच निघतो आणि झाकण बसत नाही. जुन्या बोर्डावरून काढलेला कपॅसिटर बसवू नका, त्याचंही वय झालेलं असतं.

बसवताना अधिक-उणे कसं ठरवायचं?

जुना काढण्याआधी फोटो घ्या. डब्यावरचा पट्टा उणे बाजूला असतो, नव्या कपॅसिटरचा लांब पाय अधिकचा. बोर्डावर वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग बहुधा उणे दाखवतो, पण काही बोर्डांवर हे उलट असतं, म्हणून छापावर नाही तर फोटोवर विश्वास ठेवा. उलटा बसला तर वीज लावल्यावर थोड्याच वेळात तापून फुगेल किंवा फुटेल. त्यामुळे पहिल्यांदा वीज देताना तोंड बोर्डाच्या वर नको.

फ्यूज कोणता टाकायचा? थोडा जास्त अँपिअरचा चालेल का?

नाही. टोपीवर छापलेलं सगळं जुळलं पाहिजे. ‘टी ३.१५ ए, २५० व्होल्ट’ असं असेल तर ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. चालू करताना मोठा कपॅसिटर भरण्याचा झटका तो सोसतो. त्याच्या जागी झटपट उडणारा ‘एफ’ टाकला तर सेट चांगला असूनही फ्यूज परत परत जाईल आणि तुम्ही शॉर्ट शोधत बसाल. सिरॅमिकच्या जागी काचेचा टाकू नका, मोठ्या शॉर्टमध्ये काचेची नळी फुटू शकते. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा वळसा टाकला की फ्यूजऐवजी ट्रॅक आणि ब्रिज जळतात, मग दुरुस्ती बोर्ड बदलण्यावर जाते.

कपॅसिटर बदलला, सेट चालला आणि काही आठवड्यांत तोच कपॅसिटर परत फुगला. आता?

आता कपॅसिटर हा दोष नाही, तो दुसऱ्या कशाचा तरी बळी आहे. सेट चालू असताना त्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. काळं टोक ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या ग्राउंडवरच ठेवा, विजेच्या बाजूच्या ग्राउंडवर नाही, नाहीतर आकडा निरर्थक येतो. १२ च्या जागी १५-१६ येत असतील तर व्होल्टेज ताब्यात ठेवणारी साखळी, म्हणजे पलीकडच्या व्होल्टेजची खबर विजेच्या बाजूला पोचवणारा ऑप्टोकपलर आणि त्याच्या भोवतीचे रेझिस्टर, बिघडली आहे आणि ते आधी दुरुस्त करायला हवं. हा सेट चालवत राहू नका, वाढलेल्या व्होल्टेजने मेन बोर्डही जाऊ शकतो. व्होल्टेज बरोबर असेल तर मागचा डायोड तपासा. तो गळका झाला की खूप तापतो आणि शेजारच्या कपॅसिटरला भाजतो. दोन्ही ठीक निघाले तर बदलताना घेतलेला कपॅसिटर साधा, लो ईएसआर नसलेला होता का ते बघा.

आणि फुगला तो विजेच्या बाजूचा मोठा ४०० व्होल्टचा कपॅसिटर असेल, तर सॉकेटमधलं व्होल्टेज वेगवेगळ्या वेळी, रात्री उशिरासुद्धा, मोजा. ते २८५ च्या पुढे गेलं की त्या कपॅसिटरवर ४०० पेक्षा जास्त डीसी येतात. तिथे जागेत बसत असेल तर ४५० व्होल्टचा घाला, आणि सेटच्या आधी स्टॅबिलायझर लावा.